उधारीचा आकडा कोण तपासतं? कंपनीची ऑडिट कमिटी, जळगावच्या एका पाइप कारखान्याच्या हिशेबातून

मे महिना उजाडला की वर्तमानपत्रांत कंपन्यांच्या निकालांच्या चौकटी छापून येऊ लागतात. बारीक टाइपातले आकडे आणि खाली त्याहून बारीक टिपा. त्यातली पहिली टीप बहुतेक वेळा सारखीच असते: ‘वरील निकालांचे लेखापरीक्षण समितीने पुनरावलोकन केले असून संचालक मंडळाने त्यांना मान्यता दिली आहे.’ जळगाव, धुळे, भुसावळकडची कितीतरी माणसं आता शेअर घेतात. कुणी थेट, कुणी म्युच्युअल फंडातून. पण ही समिती कोण, तिनं नेमकं काय पाहिलं आणि ते पाहिल्यानं आपल्या पैशाला काय फरक पडतो, हे विचारलं तर बहुतेकांकडे उत्तर नसतं. निवृत्त शिक्षक असलेल्या एका ओळखीच्या नानांनी तर मला सरळ अहिराणीत विचारलं, “पण भाऊ, त्या बठ्ठा एकच घरना शेतस ना?” सगळे एकाच घरचे असतील तर तपासणार कोण, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त आहे. त्याचं उत्तर पुढं येईलच, पण आधी मुळापासून पाहू.

## समिती कशासाठी?

केळीच्या बागेत माल निघतो तेव्हा काटा व्यापाऱ्याचा असतो, वजन लिहिणारा माणूसही त्याचाच. शेतकरी समोर असला तर काट्यावर नजर ठेवतो. तो पुण्या-मुंबईला नोकरीला असला तर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सांगतो, “जरा काट्याजवळ उभे राहा.” हा माणूस स्वतः वजन करत नाही, वहीही लिहीत नाही. पण काटा शून्यावर आहे का, दांड्याची वजावट ठरल्याप्रमाणे धरली का, हे तो जागेवरच विचारतो. गाडी निघून गेल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे खरे मालक म्हणजे भागधारक, आणि ते असे दूर राहतात. हिशेब लिहितं ते व्यवस्थापन: व्यवस्थापकीय संचालक, मुख्य वित्त अधिकारी म्हणजे सीएफओ, आणि त्यांचा लेखाविभाग. स्वतः लिहिलेल्या हिशेबावरच यांचा पगार, बढती आणि शेअरचा भाव ठरतो. म्हणून संचालक मंडळातल्याच काही सदस्यांची एक छोटी समिती कायद्यानं या काट्याजवळ उभी केली आहे. तीच ऑडिट कमिटी, म्हणजे लेखापरीक्षण समिती.

एक गोंधळ इथेच दूर करतो. ऑडिट कमिटी ऑडिट करत नाही. ऑडिट करतो तो बाहेरचा चार्टर्ड अकाउंटंट किंवा त्यांची फर्म. त्याला वैधानिक लेखापरीक्षक म्हणतात. मी पुढे नुसतं ऑडिटर म्हणेन. कोणता ऑडिटर नेमावा आणि त्याला किती फी द्यावी याची शिफारस समिती करते. तो व्यवस्थापनाच्या दबावाखाली तर नाही ना, हे पाहते आणि त्याचं म्हणणं ऐकून घेते.

## कोण बसतं या समितीत?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार समितीत किमान तीन संचालक हवेत आणि त्यात स्वतंत्र संचालकांचं बहुमत हवं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नियम याहून कडक आहे: दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र हवेत आणि अध्यक्ष स्वतंत्र संचालकच हवा. प्रत्येक सदस्याला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचून समजलं पाहिजे, आणि एकाला तरी लेखाशास्त्राची किंवा वित्त व्यवस्थापनाची चांगली जाण हवी. वर्षाला किमान चार बैठका होतात आणि दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. बैठकीला निदान दोन स्वतंत्र संचालक हजर नसतील तर ती बैठक धरलीच जात नाही.

स्वतंत्र संचालक म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या, म्हणजे प्रवर्तक घराण्याशी नातं नसलेला, कंपनीत नोकरी नसलेला आणि कंपनीशी पैशाचे लक्षणीय संबंध नसलेला संचालक. एका वेळी तो जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी नेमला जातो आणि सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहू शकत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक जिनिंग, दाल मिल आणि चटई कारखान्यांना हे लागू नाही, कारण ते भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेड आहेत. शेअर बाजारात नसलेल्या पब्लिक कंपनीलाही समिती लागते, पण तिचं भरणा झालेलं भांडवल १० कोटी, किंवा उलाढाल १०० कोटी, किंवा कर्ज आणि ठेवी मिळून ५० कोटींच्या वर, यांपैकी एक तरी असेल तरच. सहकारी बँकांतही अशी समिती असते, पण तिचे नियम रिझर्व्ह बँकेचे. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेल्यांची दुखणी मी जवळून पाहिली आहेत. त्यांचा कायदा वेगळा आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण काट्याजवळ कुणी उभं नसलं की काय होतं, हे खान्देशाला वेगळं सांगायला नको.

## एक आकडा घेऊ: उधारी

समितीच्या कामांची यादी लांब आहे. ती सगळी देण्याऐवजी एकच आकडा घेऊन समितीच्या टेबलावर काय घडायला हवं ते पाहू. कंपनी कल्पित आहे, आकडे समजण्यासाठी सोपे केले आहेत. पण असं प्रकरण पाहिलं नाही असा हिशेबतपासनीस विरळाच.

समजा, जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइप आणि ठिबकचे संच बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी आहे. समितीत तिघं आहेत: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त बँक अधिकारी, सदस्य म्हणून कृषी अभियांत्रिकीच्या एक निवृत्त प्राध्यापिका, आणि तिसरे प्रवर्तक घराण्यातले कार्यकारी संचालक. पहिले दोन स्वतंत्र, म्हणजे दोन तृतीयांशची अट पूर्ण. वर्षाचे निकाल ३१ मार्चनंतर ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात बैठक बोलावली आहे.

सीएफओनं मसुदा ठेवला. विक्री ४०० कोटी, गेल्या वर्षी ३८० कोटी होती. करपूर्व नफा २० कोटी. वर्ष चांगलं गेलं, असं कुणीही म्हणेल.

मग अध्यक्षांनी ताळेबंदातली एक ओळ पाहिली: ग्राहकांकडून येणं, म्हणजे उधारी. गेल्या वर्षी १०० कोटी होती, या वर्षी १५० कोटी झाली. विक्री जेमतेम पाच टक्क्यांनी वाढली आणि उधारी निम्म्यानं. दिवसांत मोजलं तर गेल्या वर्षी विकलेल्या मालाचे पैसे साधारण ९६ दिवसांत येत होते, आता १३७ दिवस लागतात.

याला साधं कारणही असू शकतं. ठिबकच्या धंद्यात अनुदानाचे पैसे रखडले की वितरक अडकतो, आणि त्याच्या मागं कंपनीही. सीएफओनं तेच सांगितलं. वरवर पाहणारी समिती इथं मान हलवून पुढच्या विषयाकडे जाते. जबाबदार समिती दोन कागद मागवते: महिनावार विक्री आणि मोठ्या वीस ग्राहकांकडची बाकी, ती किती जुनी आहे यासकट.

महिनावार कागदावर दिसलं की एकट्या मार्चची विक्री ६८ कोटी आहे. बाकी अकरा महिन्यांची सरासरी ३० कोटींच्या आसपास. मार्चमध्ये थोडी उसळी दरवर्षी येते, पण दुपटीहून जास्त नाही. ग्राहकवार कागदावर दिसलं की मार्चमधली २५ कोटींची विक्री एकाच वितरकाला झाली आहे. त्याच्याकडची एकूण बाकी ४२ कोटी. मार्चआधीचे १७ कोटी त्यात आहेत आणि त्यातले ११ कोटी तर वर्षाहून जुने.

## माल गेला, की नुसतं बिल गेलं?

आता प्रश्न असा की ही २५ कोटींची विक्री या वर्षाची धरायची का. हिशेबाच्या नियमांनुसार बिल फाडलं म्हणजे विक्री झाली असं होत नाही. मालावरचा ताबा ग्राहकाकडे गेला पाहिजे. माल कंपनीच्याच गोदामात पडून असेल, किंवा ‘विकला नाही तर परत घेऊ’ असं तोंडी ठरलं असेल, तर ती विक्री संशयास्पद ठरते. वर्षअखेरीला वितरकाच्या गळ्यात गरजेपेक्षा जास्त माल मारून आकडा फुगवायचा आणि एप्रिल-मेमध्ये हळूच परत घ्यायचा, ही फार जुनी क्लृप्ती आहे.

ती पकडायला मोठी विद्या लागत नाही. प्राध्यापिकाबाईंनी तीन गोष्टी मागितल्या: मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या बिलांची ई-वे बिलं आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या, एप्रिलपासून आजवर या वितरकाकडून आलेले पैसे, आणि त्याच काळात त्याला दिलेल्या क्रेडिट नोटा, म्हणजे परत आलेल्या मालाची कागदपत्रं. उत्तर आलं: माल गेला होता, ट्रान्सपोर्टच्या पावत्या होत्या. पण आजवर पैसे आले फक्त ३ कोटी, आणि एप्रिलमध्ये ९ कोटींचा माल परत आला होता.

वर्ष ३१ मार्चला संपलं, मग एप्रिलमधल्या गोष्टी कशाला पाहायच्या, असं कुणी म्हणेल. कारण ३१ मार्चला परिस्थिती कशी होती याचा पुरावा अनेकदा एप्रिल-मेमध्येच हाती येतो. निकालांना मंजुरी मिळेपर्यंत असा पुरावा आला तर हिशेब त्याप्रमाणे दुरुस्त करावा लागतो, असा लेखामानकाचाच नियम आहे. समितीची बैठक वर्ष संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी होते, त्याचा हा मोठा फायदा.

## हा वितरक कोण?

अध्यक्षांनी पुढचा प्रश्न विचारला. प्रकरणाचं मूळ त्यातच होतं: या फर्मचे भागीदार कोण? सीएफओ म्हणाला, व्यवस्थापकीय संचालकांचे मेहुणे, बहिणीचे यजमान.

कंपनीच्या संचालकांशी, त्यांच्या नातेवाइकांशी किंवा त्यांच्या फर्मशी झालेल्या व्यवहाराला संबंधित पक्षाशी व्यवहार म्हणतात. नातेवाईक कोण, याची कायद्यात यादी आहे: पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र कुटुंबातले सदस्य. मेहुणा या यादीत नाही. आपल्याकडं लग्नात मानपानाला मेहुणा सगळ्यात पुढे असतो, पण कायद्याच्या यादीत त्याला जागा नाही. सीएफओनं नेमकं यावरच बोट ठेवलं.

अध्यक्षांनी भागीदारी पत्र मागवलं. त्यात बहीणही भागीदार निघाली. बहीण यादीत आहे. म्हणजे ती फर्म संबंधित पक्ष ठरली. समजा बहिणीचं नाव नसतं, तरी सेबीनं १ एप्रिल २०२३ पासून एक दार बंद केलं आहे: दुसऱ्या कुणाच्या नावावर केलेल्या व्यवहाराचा हेतू आणि परिणाम संबंधित पक्षाला फायदा करून देण्याचा असेल, तर तोही संबंधित पक्षाशीच व्यवहार धरला जातो.

आता मोठी अडचण उभी राहते. असा व्यवहार होण्याआधी समितीची मंजुरी लागते, आणि नोंदलेल्या कंपनीत ती मंजुरी समितीतले फक्त स्वतंत्र सदस्य देऊ शकतात. म्हणजे तिसऱ्या सदस्याला, प्रवर्तक घराण्यातल्या संचालकाला, इथं मतच नाही. ‘पण ही तर रोजच्या धंद्यातली, बाजारभावानं झालेली विक्री आहे’ हा बचाव इथं चालत नाही. रोजच्या धंद्यातल्या व्यवहाराला संचालक मंडळाच्या आणि भागधारकांच्या मंजुरीतून कंपनी कायदा सूट देतो, समितीच्या मंजुरीतून देत नाही. वारंवार होणाऱ्या व्यवहारांसाठी समिती वर्षभराची एकत्र मंजुरी देऊ शकते, मात्र त्यात कुणाशी, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या भावानं, हे आधी ठरवावं लागतं. आणि मंजुरी राहून गेली तर मागाहून शिक्का मारून घेण्याची सोय फक्त एका वर्षात मिळून एक कोटीपर्यंतच्या व्यवहारांना आहे. इथं मंजुरी घेतलेलीच नव्हती आणि प्रश्न २५ कोटींचा आहे.

## बुडीत किती धरायचं?

परत आलेला ९ कोटींचा माल आणि आलेले ३ कोटी वजा केले तर वितरकाकडे ३० कोटी उरतात. ते येतील का? कंपनीनं या वितरकासाठी बुडीत उधारीची तरतूद ठेवली होती ६० लाख. तरतूद म्हणजे पैसे बुडण्याची शक्यता ओळखून आजच्या नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम. ती किती असावी याचं उत्तर कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं, ते अंदाजानं ठरवावं लागतं.

माझ्या मते समितीचं सगळ्यात कसाचं काम इथे आहे. रोकड आणि बँकेतली शिल्लक मोजता येते. पण उधारी, पडून असलेला माल, जुनी यंत्रं, कोर्टातल्या दाव्यांची देणी, हे सगळे आकडे व्यवस्थापनाच्या अंदाजावर उभे असतात. आकडेमोड बरोबर असून नफा चुकीचा असू शकतो, कारण मुळातला अंदाज सोयीचा धरलेला असतो. ६० लाखांच्या मागं काय हिशेब आहे, असं विचारल्यावर सीएफओकडे उत्तर होतं ते एवढंच: “घरचा माणूस आहे, पैसे कुठं जात नाहीत.”

याच मुद्द्यावर समितीनं ऑडिटरला आत बोलावलं आणि सीएफओला बाहेर थांबायला सांगितलं. ऑडिट संपल्यावर ऑडिटरशी चर्चा करून काळजीच्या जागा समजून घेणं हे सेबीच्या नियमांनुसार समितीचं कामच आहे. व्यवस्थापनाला बाहेर ठेवावं अशी सक्ती नाही, पण जाणत्या समित्या ठेवतात. ज्यांच्याकडे वर्षभर कागद मागायचे त्यांच्यासमोर ऑडिटर सौम्य बोलतो. बंद दाराआड त्यानं सांगितलं की या वितरकाच्या बाकीसाठी तरतूद वाढवावी असं त्यानं लेखी कळवलं होतं आणि उत्तर अजून आलेलं नव्हतं.

अंतर्गत ऑडिटरचा अहवालही पुन्हा काढला. कंपनीनं स्वतःच्या व्यवस्थेवर नजर ठेवायला नेमलेला तपासनीस म्हणजे अंतर्गत ऑडिटर. वितरकाची १५ कोटींची उधारीची मर्यादा दोनदा ओलांडली गेल्याचं त्यात लिहिलेलं होतं. तो अहवाल फेब्रुवारीच्या बैठकीत याच समितीसमोर आला होता. ‘वसुली सुरू आहे’ या उत्तरावर समितीनं तेव्हा समाधान मानलं होतं. दोष इथं समितीचाही आहे, आणि मला वाटतं खऱ्या कंपन्यांतही चूक सहसा याच जागी होते. इशारा समितीच्या टेबलावर येऊन गेलेला असतो, पण तिनं त्याचा पाठपुरावा केलेला नसतो.

शेवटी आकडे असे बदलले. परत आलेल्या ९ कोटींच्या मालाची विक्री वजा झाली. त्यावर धरलेला पाचव्या हिश्श्याचा नफा, म्हणजे १ कोटी ८० लाख, गेला. तरतूद ६० लाखांवरून ६ कोटी झाली, म्हणजे आणखी ५ कोटी ४० लाख नफ्यातून कमी झाले. २० कोटींचा नफा १२ कोटी ८० लाखांवर आला. विक्री ३९१ कोटी. एका ओळीबद्दल विचारलेल्या चार-पाच प्रश्नांनी वर्षाचा नफा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला. निकाल पाहून दुसऱ्या दिवशी शेअर घेणाऱ्या माणसाला खरा आकडा मिळाला.

## मंडळानं ऐकलं नाही तर?

समितीचा अधिकार शिफारशीचा आहे. हिशेबावर अंतिम मंजुरी संचालक मंडळाची असते. मग प्रवर्तकांनी मंडळात बहुमतानं समितीचं म्हणणं फेटाळलं तर काय?

फेटाळता येतं, पण लपवता येत नाही. समितीची एखादी शिफारस मंडळानं मानली नाही तर ती गोष्ट, कारणासकट, मंडळाच्या वार्षिक अहवालात छापावी लागते. ‘उधारीची तरतूद वाढवण्याची समितीची शिफारस मंडळानं अमान्य केली’ हे वाक्य छापून आलेली कंपनी बँकेकडे कर्ज मागायला गेली, तर पहिला प्रश्न त्याच वाक्यावर येईल. म्हणून अशी वेळ सहसा येत नाही. मंडळ आधीच नमतं घेतं.

याशिवाय समितीला चौकशीचा अधिकार आहे. ती कंपनीचं कोणतंही दप्तर मागवू शकते आणि बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊ शकते. वरच्या प्रकरणात वितरकाच्या गोदामातला माल स्वतंत्र तपासनीसाकडून मोजून घेणं तिला शक्य होतं. कंपनीतल्या कर्मचाऱ्यानं गैरप्रकार कळवायची व्यवस्थाही समितीच्या देखरेखीखाली असते, आणि गरज पडली तर तो थेट समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाऊ शकतो. डिस्पॅचमधल्या एखाद्या मुलाला ‘माल परत येणार आहे’ हे मार्चमध्येच ठाऊक असतं. त्याचं पत्र अध्यक्षांपर्यंत पोचलं तर मेची वाट पाहावी लागत नाही.

ऑडिटरला कंपनीत एक कोटी किंवा त्याहून मोठ्या अफरातफरीचा संशय आला, तर त्यानं दोन दिवसांत समितीला किंवा मंडळाला कळवायचं असतं. ४५ दिवसांत उत्तर मागायचं, आणि मग १५ दिवसांत केंद्र सरकारकडे अहवाल पाठवायचा. इथं समिती प्रकरण दाबून बसू शकत नाही, कारण उत्तर आलं नाही तरी अहवाल जातोच.

## पण स्वतंत्र संचालक नेमतात प्रवर्तकच ना?

नानांचा प्रश्न हाच होता. खरं आहे, नावं बहुतेक वेळा प्रवर्तकांच्याच ओळखीतून येतात. बैठकीचं मानधनही कंपनीच देते. ही उणीव कायद्यानं पूर्ण भरून काढलेली नाही आणि तसा दावा करणं मला पटत नाही.

कायद्यानं केलंय ते असं. १ जानेवारी २०२२ पासून नोंदलेल्या कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं बाजूनं हवीत. निम्मे शेअर हाती असलेल्या प्रवर्तकाला बाकीच्यांच्या मतांशिवाय ते सहसा जमत नाही. राजीनामा देणाऱ्या स्वतंत्र संचालकाला कारणं सविस्तर द्यावी लागतात आणि ती शेअर बाजाराला कळवावी लागतात. आणि समोर आलेल्या गोष्टीकडे डोळेझाक केली, तत्परता दाखवली नाही, असं सिद्ध झालं तर त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी येते. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर फेब्रुवारीच्या अहवालानंतर कुणालाच देता येणार नाही.

## सत्यममध्येही समिती होतीच की!

होती. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. समिती होती, नामवंत स्वतंत्र संचालक होते, मोठा ऑडिटर होता.

यातून समितीची एक मर्यादा स्पष्ट होते. तिच्यासमोर येणारा कागदच बनावट असेल आणि ऑडिटरनंही बँकेकडून स्वतंत्रपणे खात्री करून घेतली नसेल, तर टेबलावर बसून ते ओळखणं फार कठीण असतं. तरी बँकेची पत्रं ऑडिटरला थेट बँकेकडून आली का, की कंपनीच्या हातून आली, एवढा प्रश्न समिती विचारू शकते. आज बऱ्याच समित्या विचारतातही.

सत्यमचं दुसरं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. त्याआधी तीनच आठवडे, १६ डिसेंबर २००८ रोजी, मंडळानं राजू कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घ्यायला मंजुरी दिली होती. गुंतवणूकदारांनी एवढा संताप व्यक्त केला की काही तासांतच तो निर्णय मागं घ्यावा लागला. तेव्हाच्या नियमांनुसार संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची माहिती समितीसमोर ठेवायची असे. आधी मंजुरीची आजच्यासारखी अट नव्हती. २०१३ च्या कायद्यात ती आली. वरच्या वितरकाचं प्रकरण ज्या नियमामुळे अडलं, तो नियम त्या अनुभवानंतरचा आहे.

## भुसावळला बसून काय पाहता येतं?

कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यात कंपनी सुशासनाचं प्रकरण असतं. समितीत कोण आहे, किती बैठका झाल्या, कोण किती बैठकांना हजर होतं, हे तिथं लिहिलेलं असतं. चारपैकी दोन बैठका चुकवणारा सदस्य किंवा वर्षात दोनदा बदललेला अध्यक्ष दिसला तर तिथं थांबून विचार करा.

मग हिशेबाच्या टिपांत उधारीचा तक्ता शोधा. सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी, अशी विभागणी २०२१-२२ पासून सक्तीची आहे. दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा. विक्री थोडी वाढली आणि जुन्या रकान्यातली बाकी झपाट्यानं वाढली, तर वरच्या गोष्टीची सुरुवात तुमच्यासमोर आहे. शेजारीच संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप असते. नावं वाचा. आपल्या भागातली कंपनी असेल तर कोणती फर्म कुणाच्या बहिणीची, हे मुंबईच्या विश्लेषकापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असतं.

आणि वार्षिक सर्वसाधारण सभा. समितीच्या अध्यक्षांनी तिथं हजर राहून भागधारकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं, असा सेबीचा नियम आहे. बऱ्याच कंपन्या आता सभा व्हिडिओवर घेतात. आधी नाव नोंदवलं तर एका शेअरचा मालकही बोलू शकतो. ‘कंपनीची प्रगती कशी आहे’ असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून भाषण मिळतं. असं विचारा: “अध्यक्ष महोदय, वर्षाहून जुनी उधारी इतक्या कोटींवरून इतक्या कोटींवर गेली आहे. त्यापैकी किती संबंधित पक्षांकडे आहे, ३१ मार्चनंतर त्यातली किती वसूल झाली, आणि तरतुदीचा आकडा समितीनं कोणत्या आधारावर मान्य केला?” ज्या समितीनं तो विषय खरोखर तपासला आहे, तिच्या अध्यक्षांना या तिन्ही गोष्टी सीएफओकडे न बघता सांगता येतात.